बाल्कनीच्या माथ्यावरील भेग : एका ठेकेदारास लिहिलेले पत्र



पहिल्या मजल्यावरील बाल्कन्यांच्या स्लॅबवर ज्या भेगा दिसू लागल्या आहेत, त्या सिमेंटच्या घोट्याने भरून घ्याव्यात आणि त्यावर लादी बसवून काम पुढे न्यावे, असा जो निरोप आपण मुकादमाबरोबर धाडला, तो मला पोचला. ती मंजुरी मी देऊ शकत नाही. मात्र नकार कळवून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण आपण तीन मुद्दे मांडले आहेत आणि ते तिन्ही वरकरणी सयुक्तिक आहेत. सळई नकाशाबरहुकूम पुरी घातली होती, टेकू काढल्यानंतर दीड महिना बाल्कन्या निमूटपणे उभ्या होत्या, आणि भेगा माथ्यावर आहेत, बुडाशी नाहीत, तेव्हा त्या उन्हाने वा सुकण्याने पडल्या असल्या पाहिजेत, असे आपले म्हणणे आहे. मी या कामावर रुजू झालो तो त्या स्लॅबच्या ओतणीनंतर, म्हणून त्या दिवशी काय घडले हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. परंतु स्लॅबने स्वतः जी कैफियत दिली आहे ती पुरेशी स्पष्ट आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करतो, कारण बाकीचे दोन्ही त्याच्या पोटात आहेत. खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंस तुळयांवर टेकलेला असतो. वजन पडले की तो मध्ये खाली लवतो, त्याचे बूड ताणले जाते आणि माथा दाबला जातो, म्हणून त्याची मुख्य सळई बुडाशी असते आणि भेग पडलीच तर ती मधोमध, खालच्या अंगाला पडते. आयुष्यभर आपण आणि आपल्या माणसांनी बहुतांशी असेच स्लॅब घातले असल्यामुळे भेग म्हणजे बुडाची, ही समजूत दृढ होणे स्वाभाविक आहे. बाल्कनीचा स्लॅब मात्र एकाच बाजूस, तुळईत, रोवलेला असतो आणि त्याची दुसरी कड अधांतरी असते. वजनाने ती कड खाली झुकू पाहते, तेव्हा तुळईलगतचा माथा ताणला जातो आणि बूड तुळईवर दाबले जाते. सारा व्यवहार उलटा होतो. काँक्रीट दाब सोसण्यात जितके बळकट तितकेच ताण सोसण्यात दुबळे असल्यामुळे, कँटिलिव्हरमध्ये भेग पडायची ती माथ्यावर, तुळईच्या कडेशी, तुळईला समांतर अशीच पडणार. आपल्या भेगा नेमक्या तशाच आहेत. म्हणजे भेग माथ्यावर असणे हा तिच्या निरुपद्रवीपणाचा पुरावा नसून, ती भारानेच पडली आहे याची ती पहिली खूण आहे.

जुन्या वाड्यांचे सज्जे आपण पाहिलेच असतील. तेथे खोलीच्या तुळयांचीच टोके भिंतीबाहेर काढून त्यांवर फळ्या मारलेल्या असत, आणि त्या तुळयांच्या शेपट्या आत खोलवर, भिंतीच्या वजनाखाली दबलेल्या असत. लाकूड ताण आणि दाब दोन्ही सोसते, म्हणून त्या सुताराला वरची बाजू कोणती आणि खालची कोणती याची चिंता करण्याचे कारण नव्हते. काँक्रीटमध्ये ती चिंता आपल्या वाट्याला आली. येथे लाकडाची ताण सोसण्याची शक्ती एका पातळ लोखंडी जाळीत एकवटलेली असते, आणि ती जाळी कोणत्या उंचीवर आहे यावरच सर्व काही अवलंबून असते.

आता सळईचा मुद्दा. सळई पुरी होती हे मला मान्य आहे. मोजमाप-वहीतील नोंद मी पाहिली आहे, १० मिलिमीटर जाडीच्या सळया २०० मिलिमीटर अंतराने आहेत, आणि त्या खोलीच्या स्लॅबमध्ये बाल्कनीच्या दीडपट लांबीपर्यंत आत गेल्या आहेत. तक्रार सळईच्या संख्येविषयी नसून तिच्या जागेविषयी आहे, आणि जागेचे महत्त्व पटण्यासाठी थोडासा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही. बाल्कनी १.२ मीटर बाहेर आलेली आहे, स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे. लांबीच्या एका मीटरचा पट्टा घेतला, तर स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला ३७५ किलो, लादी व खालचा चुना-वाळूचा थर मिळून १०० किलो, आणि माणसे व सामान यांसाठी भारतीय मानकाप्रमाणे बाल्कनीस किमान ३०० किलो धरावे लागतात. हे ७७५ किलो १.२ मीटरवर पसरले म्हणजे ९३० किलो होतात, आणि ते सरासरीने तुळईपासून ०.६ मीटरवर आहेत असे समजल्यास त्यांचा उलथवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, ५५८ किलो-मीटर इतका येतो. त्यात बाहेरच्या कडेवर उभ्या असलेल्या अर्ध्या विटेच्या कठड्याची भर घालू. कठड्याचे वजन गिलाव्यासह मीटरमागे केवळ २८० किलो. परंतु तो तुळईपासून १.१३ मीटरवर असल्यामुळे एकट्याचाच जोर ३१६ किलो-मीटर होतो. एवढ्या क्षुल्लक भासणाऱ्या भिंतीने साऱ्या जोराचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग लादावा, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकूण जोर ८७४ किलो-मीटर झाला.

हा जोर पेलण्याचे काम एक जोडी करते : वर सळईची ओढ आणि खाली काँक्रीटचा दाब. दोहोंमधील उभे अंतर जितके जास्त तितकी ओढ कमी लागते. नकाशाप्रमाणे सळईवर २५ मिलिमीटर कव्हर आहे, म्हणजे सळईचा मध्य बुडापासून १२० मिलिमीटर उंच. त्यातून दाबाच्या मध्यापर्यंतचे काही मिलिमीटर वजा केले की हे अंतर सुमारे ११२ मिलिमीटर उरते. ८७४ ला ०.११२ ने भागल्यास सळयांवर ७८०० किलोची ओढ येते, आणि मीटरमागे ३९३ चौरस मिलिमीटर लोखंड असल्यामुळे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २० किलोचा ताण पडतो. आपण वापरलेल्या प्रतीचे लोखंड ४२ किलोच्या सुमारास कायमचे लांबू लागते. तेव्हा जवळजवळ दुपटीचा राखीव वाव राहतो आणि बाल्कनी निर्धास्त असते.

आता तीच सळई ५० मिलिमीटर खाली बसली असे समजा. संख्या तीच, जाडी तीच, बिलात वजन तेच. परंतु ११२ मिलिमीटरचे अंतर आता ६२ उरले. ओढ १४,१०० किलो झाली आणि ताण ३६ किलोच्या घरात गेला. राखून ठेवलेला वाव जवळपास सगळा संपला, आणि तोही एक किलो लोखंड कमी न घालता. खोलीच्या स्लॅबमध्ये सळई खाली बसली तर ती बुडाकडेच सरकते. कव्हर कमी होऊन पुढे गंजाची पीडा होईल, पण ताकद घटत नाही. कँटिलिव्हरमध्ये मात्र गुरुत्वाकर्षण, मजुरांचे पाय आणि काँक्रीटचे वजन हे तिघेही सळईला जिथे ती नको आहे त्याच दिशेला ढकलतात.

सळई खाली कशी गेली असेल याचा अदमास करणे कठीण नाही. फिटरने जाळी बांधून दिली तेव्हा ती बहुधा आपल्या जागी होती. जाळीखाली चेअर दीड-दीड मीटरवर एकेक होत्या, असे मुकादम स्वतः सांगतो. १० मिलिमीटरची सळई इतक्या अंतरावर माणसाचे वजन पेलू शकत नाही, ती लवते आणि चेअर आडवी होते. घमेली हातोहात देणारी रांग बाल्कनीच्या कडेवर उभी होती, कारण तिथूनच माल वर येत होता, आणि फळ्या टाकून वाट केलेली नव्हती. त्या रांगेतल्या कोणाचीही चूक मी मानत नाही. जाळीवर उभे राहू नये असे त्यांना कोणी सांगितले नसेल, आणि सांगितले असते तरी उभे राहायला दुसरी जागा नव्हती. सर्वांत वाईट गोष्ट ही, की दबलेली जाळी काँक्रीट पडताच दिसेनाशी होते. गवंडी माथा रंध्याने साफ करतो तेव्हा तो नकाशातल्या बाल्कनीसारखाच दिसतो.

यावर आपण म्हणाल की, असे असेल तर टेकू काढताच बाल्कनी का झुकली नाही? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा प्रश्न आहे. काँक्रीट ताणाला दुबळे असले तरी अगदीच निर्बल नाही. एम-२० प्रतीच्या काँक्रीटची लवण्यातील ताण सोसण्याची शक्ती भारतीय मानक ४५६ मधील सूत्राने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३१ किलो येते. टेकू निघाले त्या दिवशी बाल्कनीवर फक्त तिचे स्वतःचे वजन होते. त्याचा जोर २७० किलो-मीटर, आणि माथ्यावरचा ताण केवळ ७ किलो. कठडा चढल्यावर तो १५-१६ किलो झाला. इतका ताण काँक्रीटने एकट्याने सहन केला, आणि ते अभंग असेपर्यंत सळईला जवळजवळ काहीच काम नव्हते. ती वर असो, खाली असो वा मुळी नसो, बाल्कनी बाहेरून सारखीच दिसली असती. म्हणजे तो दीड महिना सळईची परीक्षा झालीच नव्हती.

परीक्षा झाली ती विटांनी. आतल्या भिंतींसाठी आलेल्या विटा बाल्कन्यांच्या बाहेरच्या कडेशी, कठड्याला लागून रचल्या गेल्या. मीटरमागे सुमारे दीडशे, म्हणजे ४५० किलो, आणि तुळईपासून ०.९ मीटरवर. त्यांचा जोर ४०५ किलो-मीटर धरला तर एकूण ९९१ होतो आणि माथ्यावरचा ताण २६ किलोंवर जातो. सूत्रातल्या ३१ किलोंपेक्षा हा आकडा कमी आहे खरा. पण ते ३१ किलो अठ्ठावीस दिवस नीट पाणी मिळालेल्या नमुन्याचे आहेत. ज्या स्लॅबला चार दिवस पाणी मिळाले आणि पुढे वाऱ्यावर सोडला गेला, त्याची शक्ती इतकी नसते, शिवाय सुकताना आकसू पाहणाऱ्या आणि तुळईने धरून ठेवलेल्या माथ्यात भाराआधीच थोडा ताण साठलेला असतो. दोन्ही मिळाले आणि भेग पडली. ज्या क्षणी ती पडली त्या क्षणी सर्व ओढ सळईवर आली, आणि खाली बसलेल्या सळईत ती दर चौरस मिलिमीटरला ४० किलोंच्या पलीकडे, म्हणजे लोखंडाच्या सीमेपर्यंत, पोचली. विटा काढून नेल्यावरही भेग मिटली नाही, याचे कारण मला यातच दिसते.

हे सारे कागदी अनुमान आहे असे आपणांस वाटू नये, म्हणून चारही बाल्कन्यांची जी तपासणी केली तिचा खुलासा करतो. पूर्वेकडच्या दोन्ही बाल्कन्यांत भेग तुळईच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली आहे आणि माथ्यावर तिची रुंदी ०.६ मिलिमीटर आहे. मानकात साधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे आणि सतत ओल लागणाऱ्या भागांस ०.२. सळई शोधणाऱ्या यंत्राने कव्हर ७५ मिलिमीटरच्या आसपास दाखविले, आणि खातरजमेसाठी एके ठिकाणी छिन्नीने खाच पाडली तेव्हा सळई तेवढ्याच खोलीवर सापडली. पाण्याच्या नळीने पातळी घेतली असता या दोन्हींची बाहेरची कड चौथ्या बाल्कनीपेक्षा ८ मिलिमीटरने खाली आहे. त्या चौथ्या बाल्कनीवरही विटा तितक्याच होत्या. तेथे भेग केसासारखी बारीक आहे, विटा काढल्यावर ती भिंगावाचून दिसतही नाही, आणि तिचे कव्हर ३० मिलिमीटर आहे. आणि तिसरी, जिच्यावर एकही भेग नाही व जी आपण निर्दोष म्हणून दाखविली, तिचे कव्हर ७० मिलिमीटर निघाले. तिच्यावर विटा रचल्या गेल्या नव्हत्या, एवढाच तिचा गुण. या चारांतली मला सर्वांत अधिक काळजी तिचीच वाटते, कारण तिने अद्याप काही सांगितलेले नाही.

उन्हाच्या व सुकण्याच्या भेगा असतात हे मी नाकारत नाही, परंतु त्यांची लक्षणे निराळी असतात. ओल्या काँक्रीटचे पाणी वाऱ्याने झपाट्याने उडाले की पहिल्या काही तासांतच तिरक्या, तुटक, वेड्यावाकड्या रेषा उमटतात. काँक्रीट सळयांभोवती खाली बसले की जाळीच्या चौकटीची नक्कल करणाऱ्या रेषा वर येतात. दोन्ही ओतणीच्या दुसऱ्या दिवशीच दिसतात. आपली भेग टेकू निघाल्यावर दीड महिन्याने, भारानंतर, तुळईलगत आणि तुळईला समांतर आली. तिचा मार्ग कोणत्याही वाऱ्याने आखलेला नाही.

घोट्याने भरण्यास माझा विरोध का, हेही यावरून ध्यानात येईल. भेग काँक्रीटची आहे, पण उणीव सळईच्या उंचीची आहे, आणि भेग भरल्याने सळई वर येत नाही. एपॉक्सीने काँक्रीट पुन्हा जोडले तरी पुढच्या भाराला त्याच्या शेजारी नवी भेग पडेल. शिवाय सळई पृष्ठभागापासून जितकी खोल, तितकी भेग वर अधिक रुंद : सळईपाशी ती पाव मिलिमीटर असेल तेव्हा माथ्यावर अडीचपट दिसते. त्या फटीतून पावसाचे पाणी थेट मुख्य सळईवर उतरते. आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा आहे, हे आपणांस मी सांगायला नको. लादीखाली झाकलेली सळई गंजत राहील आणि खालून गिलावा स्वच्छ दिसत राहील. खोलीचा स्लॅब अशक्त झाला तर आधी पुष्कळ झोळ घेऊन दाखवितो. कँटिलिव्हरला दुसरा आधार नसल्यामुळे मुळाशी सळई गेली की तो दारासारखा खाली फिरतो.

तेव्हा पुढील कामे आजच हाती घ्यावीत. चौथी सोडून बाकीच्या तिन्ही बाल्कन्यांवरील सामान उतरवून बाहेरच्या कडेखाली टेकू द्यावेत आणि ते थेट जमिनीपर्यंत, पक्क्या फळीवर उतरवावेत. टेकू हाताने घट्ट होतील इतकेच आवळावेत. पाचर ठोकून कड वर उचलण्याचा प्रयत्न केल्यास स्लॅब दोन टोकांवर टेकलेला होईल आणि जिथे सळई नाही त्या बुडाला भेग पडेल. विटेचा कठडा उतरवून त्याजागी लोखंडी रेलिंग घालण्याची शिफारस मी संरचना-अभियंत्याकडे केली आहे. मीटरमागे २८० किलोंऐवजी ३० किलो वजन आले तर जोर ८७४ वरून सुमारे ५९० वर येतो आणि खालच्या सळईतील ताणही २४-२५ किलोंपर्यंत उतरतो. तरीही माझे मत असे की, पूर्वेकडच्या दोन्ही बाल्कन्यांचे काँक्रीट तुळईसह खोलीच्या आतील पट्ट्यापर्यंत फोडावे, सळया सीमेपर्यंत ताणल्या गेल्या असल्यामुळे त्या नव्या घालाव्यात, आणि स्लॅब पुन्हा ओतावा. तिसरीला रेलिंग पुरे की तिचेही तेच करावे, हा निर्णय संरचना-अभियंत्याचा. तो लेखी येईपर्यंत पहिल्या मजल्यावरील बाल्कन्यांचे बिल तहकूब राहील, आणि फोडण्या-घालण्याचा खर्च कराराच्या दोषनिवारण-कलमाखाली आपणांकडे येतो.

दुसऱ्या मजल्याची जाळी बांधून झाली आहे. ती मी सकाळी पाहिली. चेअर अजून दीड मीटरवरच आहेत. त्या १० मिलिमीटरच्या सळईच्या करून दोन्ही दिशांना ६० सेंटिमीटरवर द्याव्यात आणि जाळीला तारेने बांधाव्यात. माल आणण्यासाठी चेअरवर नव्हे, सेंटरिंगवर स्वतंत्र टेकलेल्या फळ्यांची वाट करावी आणि बाल्कनीच्या कडेवरून येणारी रांग जिन्याकडे वळवावी. ओतणी चालू असताना बाल्कनीचा हिस्सा आला की एक फिटर केवळ जाळी उचलून धरण्यासाठी तिथे हजर असावा, आणि काँक्रीट ओले असतानाच त्याने माथ्यावरून खूण केलेली सळई खुपसून कव्हर मोजावे. ३० मिलिमीटरपेक्षा अधिक आले तर तिथेच थांबावे. पाणी किमान दहा दिवस, गोणपाट घालून. टेकू माझ्या लेखी हुकुमावाचून निघणार नाहीत, आणि निघतील ते बाहेरच्या कडेकडून तुळईकडे, उलट क्रमाने कदापि नाही. या गोष्टी जागेवर झालेल्या दिसल्या की ओतणीच्या परवान्यावर मी सही करीन. उद्या सकाळी आठ वाजता मी वर येत आहे, त्या वेळी फिटर आणि मुकादम दोघांनाही हजर ठेवावे.

कळावे,

आपला,
साइट अभियंता